येतो, ठेवतो की येजो? व्हॉइस नोटमधला निरोप

कपाशीचं_रान (दारव्हा)
माझा लहानपणापासूनचा दोस्त चाकणच्या कंपनीत लागला. परवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो. मी तेव्हा वणीला असणार, म्हणून त्याले व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवायची आहे. वहीत लिहून घेतलं ते असं:

"प्रिय मित्रा, आज तू गाव सोडून पुण्याला जात आहेस. आपण एकत्र घालवलेले क्षण सदैव स्मरणात राहतील. तुझ्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. येतो मंग."

बायको साताऱ्याची आहे. ती म्हणते, जाणारा तो, मग 'येतो' तुम्ही कसं म्हणता? आई म्हणते, राहणाऱ्यानं 'येजो' म्हणावं. शेवटी नेमकं काय म्हणायचं? आणि सगळं वाचून दाखवल्यासारखं वाटू नये, यासाठी काय करू?

सदाशिवपेठी
वहिनींचं बरोबर आहे. 'येतो' हा जाणाऱ्याचा शब्द, राहणाऱ्यानं 'ये' किंवा 'जाऊन ये' म्हणायचं. 'येजो' बोलीत ठीक आहे, पण रेकॉर्ड होऊन राहणाऱ्या संदेशात प्रमाण भाषा असावी. शिवाय ते हुकूम दिल्यासारखं ऐकू येतं.

धुऱ्यावरचा_बाभूळ
हुकूम कुठून आला बावा? 'ये' हाच हुकूम आहे. 'येजो' म्हंजे आत्ता नाही, पुढं कधी सवडीनं. आणि हा शब्द लहान नाही. पसायदानात 'भजिजो आदिपुरुखीं' आहे, तोच हा 'जो'. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. तेव्हापासून वऱ्हाडानं सांभाळला, तुमच्याकडं गळाला.

मोर्शीची_मास्तरीण
बाभूळभाऊ, घाई नका करू. 'भजिजो'चा अर्थ 'भजन केलं जावो' असा आहे. तिथं समोरच्याला 'तू भज' असं सांगितलेलं नाही. आपला 'येजो, करजो, सांगजो' मात्र थेट 'तू'ला आहे. दोन्हींचं मूळ एक असेलही, पण पसायदानातून सरळ आपल्या अंगणात उतरला, असं मी म्हणणार नाही. 'आत्ता नाही, पुढं' हे मात्र तुम्ही अचूक पकडलं. ताटावर बसलेल्या पोराला 'जेव' म्हणतो आणि गावाला निघालेल्याला 'येळेवर जेवजो'. म्हणून निरोपाला हे रूप इतकं बसतं. जे सांगायचं ते सगळं तो नजरेआड गेल्यावर घडायचं असतं.

आता 'येतो'. दारात उभं राहून 'येतो' म्हणणं ही परवानगी मागणं आहे, म्हणून समोरून 'ये' आल्याशिवाय माणूस पायरी उतरत नाही. व्हॉइस नोटमध्ये समोरून काहीच येत नाही. जोडीतला अर्धा शब्द एकट्यानं म्हटला की तो लोंबकळतो. सूनबाईंना तेच खटकलं असावं.

पांदणवाट
मी तर 'चाल, ठेवतो' म्हणतो. सगळेच म्हणतात.

सदाशिवपेठी
ठेवायला फोन उचललाय कुठं? रिसीव्हर गेला तरी शब्द राहिला, हे कॉलपुरतं समजू शकतो. नोटमध्ये तर पलीकडं कोणी नसतंच.

पांदणवाट
पलीकडं कोणी नसते तर मी बोलतो कोनाशी?

ऐनपूर्वीचा_पोस्टमन
आमच्याकडं निरोप म्हंजे सांगावा. बाजाराच्या दिवशी कोणी यवतमाळला निघालं की त्याच्याजवळ निरोप द्यायचा, 'बहिणीले सांगजो, पोळ्याले येजो म्हनून'. तो माणूस आपल्या भाषेत सांगे, पण 'जो' तेवढा तसाच पोचवे. मले वाटलं तुम्ही असा निरोप विचारून रायले. दोस्ताच्या गाडीत कोणी ओळखीचं असेल तर त्याच्याजवळच द्या ना.

कपाशीचं_रान
काका, गाडीत ओळखीचं कोणी नाही. मास्तरीणबाई, शेवट समजला. पण आधीच्या मजकुराचं काय? ऐकलं की मलेच तो परका वाटतो.

मोर्शीची_मास्तरीण
तुमच्या मजकुरात हाक एकदाच आहे, तीही 'प्रिय मित्रा'. तुम्ही त्याला आयुष्यात कधी 'प्रिय मित्रा' म्हटलंय का? बोलताना आपण दर दोन-तीन वाक्यांनी 'गा', 'बावा', 'गड्या' म्हणतो. वहीत लिहिताना हीच हाक सगळ्यात आधी गळते. 'जात आहेस'ही तसंच. तोंडी तुम्ही 'चालला' म्हणाल किंवा 'जाऊन रायला'. आणखी एक, लिहिलेल्या वाक्यात क्रियापद इमानदारीनं शेवटी बसतं. बोलताना ते पुढं येतं आणि राहिलेलं मागून जोडलं जातं: 'बसलो होतो आपन, धुऱ्यावर, त्या रात्री.' वाचून रेकॉर्ड केलं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज एकाच जागी खाली पडतो. सलग तीन वाक्यं तशी पडली की ऐकणाऱ्याला कागद दिसायला लागतो.

म्हणून वाक्यं लिहूच नका. कागदावर तीनच शब्द मांडा. एक आठवण, एक काम, एक 'जो'. आठवण एकच, पण जागेसकट. तुमची कोणती आहे?

कपाशीचं_रान
हरभऱ्याची जागल. रोह्यांनी उभं पीक खाल्लं होतं. आम्ही रात्रभर डबा वाजवत बसलो, अन् पहाटे दोघंही झोपलो.

मोर्शीची_मास्तरीण
झालं की मग. कागदावर 'जागल', 'बॅटरी', 'पोचला की'. बॅटरी त्याच्याकडं राहिली असेल किंवा तुमच्याकडं, तुमचं तुम्ही बघा. मी तुमच्या जागी असते तर असं काहीसं बोलले असते:

"हा, आयक. वणीले आहो मी, गाडी दिसनार नाही तुही. ते हरभऱ्याची जागल आठवते का गा? डबा वाजवत होतो आपन, रात्रभर... अन् रोही आले पहाटे, आपन झोपल्यावर. तुही बॅटरी माह्याजवळच आहे. देत नाही आता, दिवाळीले आला की नेजो. अन् आयक, चाकनले पोचला की खोली कशी आहे ते सांगजो. बोलूनच सांगजो, लिहू नको."

हे पाठ करू नका, तुमच्या तोंडी दुसरंच येईल. शेवट पाहा. 'येतो'ही नाही, 'ठेवतो'ही नाही. 'सांगजो'ला उत्तर लागतं. ते तो चाकणहून देईल तेव्हा जोडी पुरी होईल.

पांदणवाट
रेकॉर्ड करताना माइक दाबून वर सरकवा, कुलूप लागते. मंग बोट धरून बसा लागत नाही. मधात थांबवू नका. पुन्हा सुरू केलं की मागचा पंख्याचा, कुत्र्याचा आवाज बदलते अन् जोड कळते. अडखळला तर अडखळू द्या. पाठवायच्या आधी एकदा आयका, बस. पुन्हा पुन्हा भरलं की ते पाठच होते.

सदाशिवपेठी
पांदणवाट यांचा मुद्दा पटला. पण ताई, 'बोलूनच सांगजो' ऐवजी 'बोलूनच सांग' चाललं नसतं? आवाज पुढं फिरतो, उद्या त्याची पुण्यात जन्मलेली मुलं ऐकतील.

मोर्शीची_मास्तरीण
ऐकू द्या. 'सांग'मध्ये तो अजून समोर बसलाय. तो तर गाडीत आहे.

सदाशिवपेठी
मग 'सांगशील' म्हणा. तेही पुढचंच आहे.

धुऱ्यावरचा_बाभूळ
'सांगशील' मध्ये 'सांगशील ना?' अशी शंका वाटते. 'सांगजो' मध्ये खात्री आहे. गुजरातीत तर निरोपाचा शब्दच 'आवजो' आहे, कोणी त्यांना हुकूम म्हणत नाही. माझ्या मते कापसाच्या व्यापाऱ्यांसोबत तो इकडं आला.

मोर्शीची_मास्तरीण
आधी पसायदान होतं, आता कापूस. हिंदी पट्ट्यातही 'आइयो, जाइयो' आहे. तिथला कापूस कोणी आणला?

धुऱ्यावरचा_बाभूळ
दोन्ही खरं असू शकते. शब्द एकाच वाटेनं येते असं कोठी लिहून आहे?

ऐनपूर्वीचा_पोस्टमन
भंडारा-गोंदियाकडचं कोणी आहे का इथं? मोठ्या माणसाला तिकडं 'येजा' म्हणतात का, 'या' म्हणतात? आमच्या घरी यावर दोन मतं आहेत.