लोहाच्या गोळ्या, काळी शी आणि अडलेलं पोट: तुमचे अनुभव लिहा

कराडची_माहेरवाशीण
पाचवा महिना चालूय, हिमोग्लोबिन 9.6 आलं म्हणून सरकारी दवाखान्यातून त्या लाल गोळ्या दिल्यात, दिवसाला दोन. सकाळची चहाबरोबर घेते तर अकरापर्यंत नुसती मळमळ, पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही, झालं तरी खडे आणि रंग काळा कुळकुळीत. सासूबाई म्हणतात उष्णता झाली, बंद कर. बंद करायची नाहीये मला, तुम्ही रोजचं कसं जमवलं ते लिहा.

विटेकर_वहिनी
दुधाबरोबर घे गं, मी दोन्ही बाळंतपणात तसंच केलं, मळमळ गायब. पोटासाठी रात्री चमचाभर एरंडेल.

मिरजेची_सिस्टर
वहिनी, मळमळ थांबली हे खरं असणार, पण दुधातल्या कॅल्शियममुळे लोह अंगी कमी लागतं. आणि एरंडेल गरोदरपणात अजिबात नको, कळा सुरू होऊ शकतात. वॉर्डात वर्षानुवर्षं हेच सांगत आले.
कराडच्या ताई, एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, त्यातलं थोडंच रक्तात जातं, उरलेलं आतड्यातून बाहेर पडतं म्हणून शी काळी किंवा काळपट हिरवी. त्याला घाबरायचं नाही. पण चहा मात्र गोळीच्या आगेमागे तासभर नको, त्यानं लोह अडतं. कॅल्शियमची गोळी पण मिळाली असेल ना? ती कधी घेता?

कराडची_माहेरवाशीण
दोन्ही एकदमच, विसरायला नको म्हणून 😐

मिरजेची_सिस्टर
दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सकाळ-रात्रीच्या जेवणासोबत, लोहाची एक गोळी दुपारी तीनला आणि दुसरी झोपताना लिंबूपाण्याबरोबर, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. आम्लपित्त असेल तर लिंबू राहू द्या, साधं पाणी चालेल. रिकाम्या पोटी अगदीच सोसत नसेल तर दोन घास खाऊन घ्या, थोडं कमी लागेल पण गोळी पोटात तर राहील.

जतचा_पाटील
आमच्या बोअरच्या पाण्यात लोह लय हाय, भांडी तांबडी होत्यात, मग घरच्या बायकांना गोळ्या कशाला द्यायच्या?

मिरजेची_सिस्टर
दादा, भांडी तांबडी झाली म्हणून रक्त वाढत नाही. लोखंडी कढईचं पण तसंच, वापरा जरूर, पण 9.6 चं हिमोग्लोबिन तेवढ्यानं भरून निघत नाही.

तासगाव_बेदाणा
पोटाचं मी सांगते, गोळीमुळे मला मूळव्याध व्हायची वेळ आली होती. मूठभर बेदाणे रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट, दुपारी पेरू, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, आणि पाण्याची बाटली कायम हाताशी. तरी नाही भागलं तेव्हा डॉक्टरांनी इसबगोल दिलं, ते मोठा ग्लासभर पाण्यात आणि गोळीच्या वेळेला नाही. कमी पाण्यात घेतलं की उलट जास्त अडतं, हा अनुभव नणंदेचा.

कोरेगावचा_नाना
माझी वेगळी केस. आईला पण काळी शी व्हायची, आम्ही म्हटलं लोहाच्या गोळीनं होतंय. पण ती गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या पण खायची, उठली की डोळ्यापुढं अंधारी. दवाखान्यात नेल्यावर कळलं की पोटात अल्सर होऊन रक्त जात होतं. डांबरासारखी चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहायची, आणि वास असा की घरात थांबवत नव्हतं.

मिरजेची_सिस्टर
नाना, बरं झालं लिहिलंत. लोहानं काळी झालेली शी बहुतेक घट्ट असते, असला वास नसतो. चिकट, घाण वासाची, वर चक्कर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वाईची_मनू
मला डॉक्टरांनी एक दिवसाआड सांगितली, लोह जास्त लागतं म्हणे आणि त्रास पण कमी. मी गरोदर नाहीये. हिनं तसं केलं तर?

मिरजेची_सिस्टर
गरोदर नसलेल्या बायकांमध्ये तसं दिसलंय खरं. पण हिच्या हातात महिने मोजकेच आहेत, सरकारी पद्धत पण रोजचीच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

विटेकर_वहिनी
माझ्या जावेला तिच्या डॉक्टरनं गरोदरपणातच एक दिवसाआड दिलेली, मग कुणाचं खरं?

कराडची_माहेरवाशीण
मी सोमवारी विचारते. तोवर सांगते, दुपारी-रात्री असं केल्यापासून मळमळ जवळजवळ गेली. पोट अजून रोज साफ होत नाही, पण खडे कमी झालेत. रंग काळाच आहे, सासूबाईंना सिस्टरांचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आता इसबगोल चालेल का तेही विचारून घेते.