अनुभव धागा: घरी आल्यावर बाळ पिवळे दिसू लागले तेव्हा

ओटीवरून

काल संध्याकाळी शेजारच्या बाळंतिणीला भेटायला गेले होते. बाळ चार दिवसांचे आहे. त्याच्या आजीने मोठ्या कौतुकाने दुपटे बाजूला करून म्हटले, "बघ, कसा केतकीसारखा वर्ण घेऊन आलाय." हेच शब्द नऊ वर्षांपूर्वी माझ्या लेकीबद्दल माझ्या आईने उच्चारले होते, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत आमच्या घरात जे घडले ते सगळे पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहिले. म्हणून हा धागा काढते आहे.

माझे माहेर मालवणजवळच्या एका वाडीत. आषाढ होता, पावसाची झड थांबत नव्हती. माजघराला लागून असलेल्या बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी, तीही वाऱ्यामुळे बंद, आणि वर पिवळ्या उजेडाचा बल्ब. त्या उजेडात आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो. तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडले होते आणि कागदावर "आठ दिवसांनी दाखवणे" एवढेच लिहिले होते. चौथ्या दिवसापासून लेक फार झोपू लागली. छातीशी धरली की चार-पाच वेळा चोखायची आणि डोळे मिटायची. "किती शांत बाळ आहे" असे सगळे म्हणत होते, आणि मलाही तेच बरे वाटत होते.

पाचव्या दिवशी दुपारी आशाताई वजन करायला आल्या. त्यांनी बाळाला आधी पडवीत उजेडात नेले. कपाळावर बोट दाबून उचलले, मग छातीवर, मग पोटावर, मग मांडीवर. बोट उचलल्यावर क्षणभर कातडी फिकट होते, त्या वेळी खालचा खरा रंग दिसतो, असे त्यांनी मला दाखवले. शेवटी त्यांनी तळपाय दाबला, आणि तोही पिवळा दिसला. जन्मतः 2,700 ग्रॅम असलेले वजन 2,430 झाले होते. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "ताई, उद्यावर नको, आताच निघायचं."

तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जन्माची नेमकी वेळ काय. मला त्या वेळी तो विचित्र वाटला. त्यांनी तास मोजले, 112 भरले. रक्ताच्या तपासणीत, ज्याने बाळ पिवळे दिसते ते एकूण बिलिरुबिन 19.8 आणि त्यातले डायरेक्ट, म्हणजे यकृतात प्रक्रिया होऊन गेलेले, 0.7 आले. माझा रक्तगट ओ, लेकीचा बी, आणि ती 37 आठवडे पूर्ण होताच जन्मलेली. हे सगळे एकत्र धरून त्यांनी लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात शिशु विभागात पाठवले. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून 36 तास ठेवल्यावर आकडा 12.4 वर आला. दिवा बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले, ते 13.1 भरले, आणि एवढे वाढणे चालते असे सांगून घरी सोडले.

शेजारच्या बाळाला आज सकाळी तपासणीसाठी नेले आहे. तुमचे अनुभव कृपया लिहा, विशेषतः तुम्हाला कशावरून कळले ते.

नारळीबाग

आमच्या तिन्ही नातवंडांना असा पिवळेपणा आला होता आणि तिघांनाही सकाळच्या कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे उघडे धरले. आठवड्यात रंग निवळला. दिव्याचा उजेड आणि सूर्याचा उजेड यांत फरक तो काय, असे मला प्रामाणिकपणे वाटते. उगाच एवढ्याशा जिवाच्या टाचेतून रक्त काढायचे म्हणजे जिवावर येते.

वॉर्डातली बाई

मी 31 वर्षे परिचारिका होते, त्यातली निम्मी वर्षे नवजात बालकांच्या वॉर्डात काढली.

काका, तुमचे अर्धे बरोबर आहे. दिव्याचा जो निळा उजेड काम करतो, तो सूर्यप्रकाशातही असतोच. परंतु किती पडतो आहे हे मोजता येत नाही, बाळाला उघडे ठेवले की ते गारठते किंवा तापते, आणि पंधरा मिनिटांनी काम भागत नाही. दिव्याखाली बाळाला दूध पाजण्यापुरते बाहेर काढून बाकी जवळजवळ सतत ठेवावे लागते. तुमच्या नातवंडांचा पिवळेपणा सौम्य असणार आणि तो बहुधा उन्हाशिवायही गेला असता, कारण बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांचा तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक होऊन दोन आठवड्यांत उतरतो. उन्हात धरले म्हणून तपासणीला उशीर झाला, तर मात्र नुकसान होते. तशी बाळे मी पाहिली आहेत.

धागा काढणाऱ्या ताईंना जन्माची वेळ का विचारली ते सांगते. तोच आकडा एका बाळात काळजीचा असतो आणि दुसऱ्यात नसतो. 12 हा आकडा पाचव्या दिवशी धडधाकट, पूर्ण दिवसांच्या बाळात आला तर आम्ही बहुधा दूध वाढवायला सांगून घरी पाठवत असू. तोच 12 जन्मानंतर विसाव्या तासाला आला तर बाळाला ताबडतोब दिव्याखाली घेत असू. पहिल्या 24 तासांत दिसलेला पिवळेपणा कधीच "नेहमीचा" समजायचा नाही. ओ गटाच्या आईच्या बाळात तांबड्या पेशी जास्त फुटू शकतात, दिवस थोडे कमी भरले असले तर यकृत अजून सुस्त असते, आणि दूध कमी गेले की शी कमी होते. बिलिरुबिन शीवाटे बाहेर जायचे असते. ते आतड्यात पडून राहिले की पुन्हा रक्तात शोषले जाते. तुमच्या लेकीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

आणखी एक. दिव्याखाली ठेवलेल्या बाळाची कातडी आधी उजळते, रक्तातला आकडा मागाहून उतरतो. म्हणून दिव्यावरून काढलेल्या बाळाकडे नुसते पाहून "आता गोरे झाले" असे म्हणणे फसवे असते. तिथे रक्ताचीच तपासणी हवी.

ओटीवरून

तीन गोष्टींपैकी दुधाची बाब मला आजही लागते. ती झोपते आहे म्हणजे पोट भरले आहे असे मी समजत होते. दिवसातून तीनच लंगोट ओले होत होते, आणि पाचव्या दिवशीही शी काळपट हिरवीच होती.

वॉर्डातली बाई

स्वतःला दोष देऊ नका, ताई. वाढलेल्या पिवळेपणाने बाळ सुस्तावते, सुस्तावले की पीत नाही, आणि प्यायले नाही की पिवळेपणा वाढतो. पाचव्या दिवसापर्यंत शी पिवळी व्हायला हवी आणि सहाच्या आसपास लंगोट ओले व्हायला हवेत, एवढे घरी सोडताना प्रत्येक आईला सांगायला हवे होते. तोपर्यंत बाळाला दोन-तीन तासांनी उठवूनच पाजायचे.

सुरंगी

माझ्या यजमानांना मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली होती, तेव्हा महिनाभर तेल-तूप बंद होते आणि गावातल्या एका गृहस्थांकडून काविळीची माळ आणून घातली होती. जाऊबाईंचे बाळ सहा दिवसांचे आहे आणि त्यालाही कावीळ सांगितली आहे. माझ्या मुलांना त्या खोलीत जाऊ द्यावे का? आणि बाळंतिणीने हळद व तेल बंद करावे का?

वॉर्डातली बाई

सुरंगीताई, नाव एकच असले तरी ही वेगळी गोष्ट आहे. यजमानांना झाली असेल ती बहुधा दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूची. नवजात बाळाचा हा पिवळेपणा संसर्गजन्य नसतो. मुलांनी हात धुऊन बाळाला खुशाल पाहावे. आईने हळद खाल्ल्याने बाळ पिवळे होत नाही, तिचे जेवण कमी करू नका. मात्र बाळाला हळद-पीठ लावून न्हाऊ घालत असाल तर ते थांबवा, कारण मग कातडीचा रंगच कळत नाही. बाळाचा आकडा किती आला आणि तो कितव्या तासाचा, एवढे जाऊबाईंना विचारून लिहाल का?

सुरंगी

विचारते. मला वाटले होते की माळ आणून द्यावी.

दर्यावरचा

आम्ही दापोलीकडचे. आमची हकीकत थोडी वेगळी आहे आणि ती लिहिलीच पाहिजे असे वाटते.

माझा मुलगा पूर्ण दिवसांचा, वजन 3,100, दूध उत्तम पीत होता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिले तेव्हा किंचित पिवळा होता आणि काळजीचे काही नव्हते. बारशासाठी आईने पत्र्याची पेटी उघडली आणि आजीच्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी काढली. पेटीत वर्षानुवर्षे डांबरगोळ्या घातलेल्या. दुपट्यांना तो वास येत होता, पण ती उन्हात टाकायला ऊन नव्हते, म्हणून तशीच वापरली. दोन दिवसांनी बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग आंब्याच्या सालीसारखा पिवळा झाला आणि ओठ मात्र पांढुरके दिसू लागले. तपासणीत बिलिरुबिन 23 आले आणि हिमोग्लोबिन बरेच उतरलेले होते.

डॉक्टरांनी सगळे विचारता विचारता कपड्यांविषयी विचारले. बायकोने डांबरगोळ्या म्हणताच ते थांबले. दुपटी लगेच काढायला लावली, दिवे सुरू केले आणि रक्त बदलावे लागू शकते म्हणून रक्तपेढीला कळवून ठेवले. ती वेळ आली नाही. पुढे तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची तपासणी केली, ती त्या वेळी ठीक आली. तरीही त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा करायला लावली, कारण कमतरतेच्या पेशी नुकत्याच फुटून गेलेल्या असतील तर उरलेल्या नव्या पेशींमुळे चाचणी फसते. दुसऱ्या वेळी ते द्रव्य कमी निघाले. आता त्याच्या कागदपत्रांत कोणती औषधे द्यायची नाहीत त्याची यादी कायम असते.

नारळीबाग

आमच्या घरातही गोळ्या सर्रास असतात आणि तीच दुपटी वापरली गेली होती. आमच्या नातवंडांना कसे काही झाले नाही?

दर्यावरचा

ज्याच्या पेशींत ती कमतरता असते त्यालाच त्रास होतो, काका, आणि तो मुलग्यांत अधिक दिसतो. पण कोणाला कमतरता आहे हे जन्मतः कपाळावर लिहिलेले नसते. आमच्या घरात आता लहान मुलाच्या कपड्यांत गोळ्या अजिबात घालत नाहीत.

अबोली

बाळाला झोपवून लिहिते आहे. माझा मुलगा आज 33 दिवसांचा आहे. दहाव्या दिवशी बिलिरुबिन 14 होते, आणि आईच्या दुधामुळे काही बाळांत असा पिवळेपणा लांबतो, दूध बंद करू नका, असे सांगितले होते. वजन छान वाढते आहे. परंतु डोळे अजून पिवळे आहेत. त्यानंतर पुन्हा तपासणी केलेली नाही. थांबू का?

वॉर्डातली बाई

दूध चालूच ठेवा. दुधामुळे लांबणारा पिवळेपणा असतो, तो महिना-दोन महिनेही रेंगाळतो, आणि तुमच्या बाळाचा तोच असू शकतो. परंतु दोन आठवडे उलटल्यावरही पिवळेपणा असेल तर एकूण आकड्याबरोबर डायरेक्टचा आकडा पाहिल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. दहाव्या दिवशी डायरेक्ट किती होते?

अबोली

कागदावर एकच आकडा आहे.

वॉर्डातली बाई

मग उद्याच जा आणि दोन्ही आकडे मागा. शीचा रंग कसा आहे? आणि लघवीचा डाग लंगोटावर पिवळा राहतो का?

अबोली

लघवीचा डाग राहतो, पिवळसर. शी मला फिकट वाटते, सासूबाईंना नेहमीची वाटते.

वॉर्डातली बाई

एवढ्या लहान बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते, डाग राहायला नको. आणि शी खडूसारखी किंवा पिठासारखी फिकट असेल तर पित्ताची वाट बंद आहे का ते तातडीने पाहावे लागते. त्यावरची शस्त्रक्रिया साधारण दोन महिन्यांच्या आत झालेली बरी, म्हणून पुढच्या आठवड्यावर टाकू नका. नसेलच तर उत्तमच. शी बल्बच्या उजेडात पाहू नका. सकाळी खिडकीशी पाहा, आणि ते लंगोट न धुता पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

अबोली

आत्ता इथे दिवे गेले आहेत. सकाळी पाहून निघते आणि दोन्ही आकडे इथे लिहिते.

ओटीवरून

शेजारच्या बाळाचा 13.6 आला, 98 व्या तासाला. दिव्याची गरज नाही, दूध वाढवायचे आणि उद्या पुन्हा रक्त तपासायचे असे सांगितले आहे. अबोली, तुमची वाट पाहते आहे.