पाळी चुकून दोनच आठवडे, मग सहावा आठवडा कसा?

> "पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेत, तरी डॉक्टर म्हणतात सहावा पूर्ण. हा हिशोब कुठला?"

ताई, मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच! तो दिवस आठवतो, बीज कधी फुटलं ते कळत नाही, म्हणून ही सोय. तिथून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे मोजले की बाळंतपणाची तारीख.

आमच्या इंदुरात वहिनीचं असंच झालं. पाळी ५ जूनची. तीन महिने मागे, सात दिवस पुढे, की १२ मार्च. आईंनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. पण १७ जुलैला सहा आठवडे भरले असताना सोनोग्राफीत गर्भ पाचच आठवड्यांचा दिसला. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण साधं होतं. नियम २८ दिवसांच्या चक्रावर बेतलेला आहे, आणि वहिनीचं चक्र ३५ दिवसांचं. बीज चौदाव्याऐवजी एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं. नवव्या आठवड्याआधी फरक पाच दिवसांहून जास्त निघाला, तर सहसा सोनोग्राफीचीच तारीख धरतात. तिची १९ मार्च झाली.

तुमचं चक्र किती दिवसांचं, हे डॉक्टरांना सांगितलंत का?