मदत हवी आहे: बाबांचा जयपूर फूट ढिला झालाय, मोजे वाढवू की सॉकेट बदलू?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. बाबांना शुगर, गँगरीनमुळे डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बोटंच काढून भागणार नाही का असं आम्ही विचारलं होतं, पण पावलापर्यंत रक्तच पोचत नव्हतं, तिथं जखम भरली नसती. सर्जन म्हणाले गुडघा वाचतोय हेच मोठं, कारण गुडघ्यावरून कापला की चालायला दम खूप लागतो.

जखम भरल्यावर क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधायचो, टोकाला घट्ट आणि वर सैल, उलटं झालं की टोक सुजतं. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही यावरून मात्र रोज भांडण, पण गुडघा वाकलेला राहिला नाही हे खरं.

आता पाय बसवलाय पण स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, बारीक होत चाललाय, सकाळी ठीक असतं आणि दुपारपर्यंत स्टंप सॉकेटमध्ये खाली सरकतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर लाली येते ती चालते म्हणे, वजन तिथंच घ्यायचं असतं, पण हाडाच्या टोकावरही लाल डाग दिसतोय आणि पाय काढून अर्धा तास झाला तरी जात नाही. बाबांना तिथं कळतही नाही, म्हणून मी रोज रात्री आरसा धरून बघते. सध्या घालणं बंद ठेवलंय.

जाड मोजा घालून भागेल का नवीन सॉकेटच लागेल? पुण्यात कोणी अनुभवी प्रोस्थेटिस्ट माहीत असेल तर प्लीज सांगा.