मेनूकार्डाच्या जेपीजीत भाव बदलले की टिंबांची रांग बिघडते, मदत हवी आहे

कोलारा_रोड

नमस्कार मंडळी. चिमूरहून कोलारा गेटाकडे जाताना रस्त्यावर आमची खानावळ आहे. मेनूकार्ड ज्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलं होतं त्याच्याकडे मूळ कोरलची फाइल राहिली नाही. माझ्याजवळ फक्त जेपीजी आहे. १ ऑक्टोबरला ताडोबाचे गेट उघडतात, त्याच्या आत नवीन भावांचं कार्ड हातात पाहिजे.

डावीकडे पदार्थाचं नाव, उजवीकडे भाव आणि मधे बारीक टिंबांची रांग, असं साधंच कार्ड आहे. सावजीच्या भागातल्या ओळी वरून खाली अशा:

पाटोडी रस्सा ९०, शेवभाजी ८०, अंडाकरी १२०, चिकन १८०, मटर पनीर १५०.

पाटोडी ११० करायची आहे, शेवभाजी ९०, चिकन २२०. मटर पनीर कोणी मागत नाही, त्या जागी वांग्याचं भरीत १०० टाकायचं आहे.

जिंपमध्ये ९० खोडून ११० लिहिलं तर शेवटचं टिंब अर्धं कापलं जातं. नवीन टिंबं टाइप केली तर ती जाड दिसतात आणि वरच्या-खालच्या टिंबांखाली बसत नाहीत. भरीताचं नाव तर बाकी नावांपेक्षा खाली घसरल्यासारखं वाटते. फॉन्ट कोणता होता तेही माहीत नाही. काय करावं?

तर्रीपोहे

राजेहो, एवढा कुटाणा काऊन करता? भावाचे गोल स्टिकर छापून आणा न् जुन्या कार्डावर लावून टाका. आमच्या चौकातला नाश्तावाला दर वर्षी तेच करते.

कोलारा_रोड

भाऊ, जुन्या कार्डांचं लॅमिनेशन पार सुटलं आहे. आणि बाहेर फ्लेक्सही लावायचा आहे, तो याच फाइलवरून काढीन म्हणतो.

मास्तर_एक्सेलवाले

मी शाळेचे सगळे तक्ते वर्डमध्ये करतो. चित्राच्या नादी लागू नका, पूर्ण कार्ड वर्डमध्ये नव्यानं टाइप करा. नाव लिहा, टिंबाची कळ दाबून ठेवा, मग भाव. भाव एकाखाली एक आला नाही तर टिंबं सिलेक्ट करून त्यांच्यातलं अंतर थोडं कमी-जास्त करायचं, बसतो बरोबर.

खिळेजुळारी

मास्तर, नव्यानं टाइप करण्याचा सल्ला चांगला आहे, पण टिंबं हातानं टाइप करण्याचा नाही. प्रत्येक ओळीत अंतर वेगळं ओढलंत तर भाव बसेल, पण टिंबं टिंबांखाली राहणार नाहीत. पाच ओळी एकत्र पाहिल्या की डोळ्याला तेच खुपतं. वर्डमध्ये पट्टीवर टॅब ठेवा, त्यावर डबल क्लिक करा, `Alignment` ला `Right` आणि `Leader` ला `2` निवडा. मग नाव, एकदा टॅब, भाव. टिंबं वर्ड स्वतः भरतो.

कोलारा_रोड, तुम्हाला आधी तीन गोष्टी विचारतो. चित्र किती पिक्सेलचं आहे? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलं की डॉक्युमेंट म्हणून? आणि ८०० टक्के झूम करून एका टिंबाच्या मधोमध उभी गाइड लावा. ती बाकी ओळींतल्या टिंबांच्याही मधून जाते का?

कोलारा_रोड

१२४० बाय १७५४. आधी फोटो म्हणून आलं होतं, ते धुरकट होतं. मग त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवलं. सावजीच्या भागात गाइड सगळ्या ओळींच्या टिंबांतून जाते. खालच्या थाळीच्या भागात मात्र कुठंच जुळत नाही.

खिळेजुळारी

म्हणजे ए-४, १५० डीपीआय. टेबलावरच्या कार्डाला चालून जाईल. फ्लेक्सला हे चित्र ताणू नका, अक्षरं फाटतील. त्याच्यासाठी मास्तरांच्या वाटेनं नवीन करा.

गाइड जुळली म्हणजे सावजीचा भाग टॅबच्या टिंबांनी केलेला आहे. तिथं टिंबांना ठरलेल्या जागा असतात आणि नाव लांब असो की आखूड, टिंब त्या जागेवरच पडतं. म्हणून नावानंतरची मोकळी जागा दर ओळीत थोडी कमी-जास्त दिसते. ती सारखी करायला जाऊ नका. थाळीच्या भागात टिंबं हातानं मारलेली दिसतात, त्याचं नंतर पाहू.

आता नियम एकच. नवीन टिंब काढायचं नाही, शेजारच्या ओळीतून उचलायचं आणि फक्त खाली-वर सरकवायचं. आडवं एक पिक्सेलही नाही. कारण टिंबांमधलं अंतर क्वचितच पूर्ण पिक्सेलात असतं. आडवं सरकवलं की एक टिंब जुळतं आणि पुढची हळूहळू भरकटतात.

सावजीच्या पाचही ओळींत पहिल्या टिंबाचा वरचा काठ कोणत्या उंचीवर आहे ते जिंपच्या खालच्या पट्टीत वाचून सांगा.

कोलारा_रोड

पाटोडी ६१२, शेवभाजी ६७४, अंडाकरी ७३५, चिकन ७९७, मटर पनीर ८५८. अंतर कधी ६२ येते, कधी ६१. मी चुकीचं मोजत असीन.

खिळेजुळारी

बरोबर मोजलं आहे. ओळींमधलं खरं अंतर साडेएकसष्ट आहे. अर्धा पिक्सेल असत नाही, म्हणून एका ओळीतली टिंबं कडक दिसतात आणि पुढच्या ओळीतली जरा पसरट. झूम करून पाहा. त्यामुळे टिंबं एक ओळ सोडून उचलायची, म्हणजे बरोबर १२३ पिक्सेल. पाटोडी, अंडाकरी आणि मटर पनीर एका जातीच्या ओळी, शेवभाजी आणि चिकन दुसऱ्या.

क्रम असा ठेवा. आधी शेवभाजी, कारण तिला लागणारा ९ फक्त पाटोडीच्या ९० मध्ये आहे आणि तो नंतर पुसला जाणार. तो ९ कॉपी करून ८ च्या जागी बसवा. आकड्याला अर्ध्या पिक्सेलचा फरक कळत नाही, टिंबाला कळतो.

मग पाटोडी. दोन आकड्यांचे तीन होणार, म्हणून शेवटची टिंबं कमी व्हायला हवीत. अंडाकरीच्या ओळीत ते आधीच झालेलं आहे. तिथं दोन टिंबांच्या मधल्या फटीपासून थेट १२० च्या उजव्या काठापलीकडे, ओळीच्या पूर्ण उंचीची चौकट आखा आणि कॉपी करा. `Edit > Paste as > New Layer in Place` नं तो तुकडा नवीन लेयरवर घ्या. त्या लेयरच्या `Edit Layer Attributes` मध्ये `Offset Y` मधून १२३ वजा करा. माऊसनं ओढू नका. मागची जमीनही सोबत येते, म्हणून ९० वेगळं पुसायची गरजच नाही. मग त्या १२० मधल्या २ वर शेजारचा १ बसवा, झाले ११०.

तोच तुकडा १२३ नं खाली नेला की मटर पनीरची ओळ. तिथं २ च्या जागी ० आला की १००. चिकनचा भाव आधीच तीन आकडी आहे, टिंबांना हातही लावू नका. अंडाकरीतला २ दोनदा वापरा.

बचतगट_वरोरा

दादा, माझं पण असंच आहे. आमच्या गटाच्या डब्याचं भावपत्रक कृतिदेवमध्ये करते. टिंबं मारायला गेलं की ण्ण्ण्ण् अशी रांग येते. माझा कीबोर्ड बिघडला का हो?

खिळेजुळारी

नाही ताई. कृतिदेवमध्ये टिंबाच्या कळीवर अर्धा ण बसवलेला आहे आणि टिंब आडव्या रेघेच्या कळीवर आहे. तेवढा भाग सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करा, ण ची टिंबं होतील. नंतर सवड मिळाली की टॅबवर या.

कोलारा_रोड

भाव चारही बसले! गाइड लावून पाहिली, टिंबं एका रेषेत. आता अडलं ते भरीत. काप-जोड करून नाव होईल का? वां नाही पण भ, र, त ही अक्षरं कार्डात इकडंतिकडं आहेत.

खिळेजुळारी

आकड्यांचं जमतं कारण ते सुटे असतात. अक्षरांचं जमणार नाही. शिरोरेघ जोडताना प्रत्येक सांध्यावर गाठ दिसेल आणि ग्याचं जोडाक्षर आणणार कुठून? नाव टाइपच करा.

फॉन्ट हुबेहूब मिळायची आशा सोडा, जवळचा शोधा. मुक्ता मोफत मिळतो आणि त्यात बारीकपासून जाडपर्यंत वजनं आहेत. दोन मापं घ्या. शेजारच्या नावात शिरोरेघेची जाडी किती पिक्सेल, आणि शिरोरेघेपासून कान्याच्या टोकापर्यंत उंची किती. आधी उंची जुळवून साइज ठरवा, मग जाडी पाहून वजन. ओळीत बसवताना शिरोरेघ शेजारच्या नावांच्या हिशेबानं लावा, अक्षरांचं खालचं टोक पाहू नका. उकार असलेलं नाव खाली लोंबतं. तुमचं भरीत घसरल्यासारखं वाटलं ते बहुतेक शिरोरेघ न जुळल्यामुळेच.

जुनं नाव झाकायला बकेटनं रंग ओतू नका. जेपीजीची जमीन एकरंगी दिसते, पण तिच्यात बारीक दाणा असतो आणि सपाट ठिगळ छापल्यावर उमटतं. त्याच उंचीवरच्या समासातली मोकळी पट्टी उचलून टाका. वांग्याचं भरीत लांब आहे, म्हणून डावीकडची काही टिंबंही त्याच पट्टीनं झाका, पण अख्खी. अर्धं टिंब ठेवू नका.

काम `.xcf` मध्ये सेव्ह करा आणि छापायला पीएनजी काढा. दर वेळी जेपीजी केली तर टिंबांभोवती धूळ साचत जाते.

कोलारा_रोड

झालं. नाव थोडं काळं वाटते पण बाबा म्हणाले गिऱ्हाईक भरीत पाहीन, फॉन्ट नाही. एक प्रिंट काढून पाहिली, ठिगळ दिसत नाही.

थाळीचा भाग राहिला. तिथं मागं लाकडाच्या फळीचा फोटो आहे आणि स्पेशल थाळी १६० ची २०० करायची आहे. समासातली पट्टी टाकली तर फळीच्या रेषा तुटतात. टिंबं तशीही वेडीवाकडी आहेत.

मास्तर_एक्सेलवाले

थाळीच्या मागं वरच्यासारखीच फिकट रंगाची चौकट टाका आणि त्या चार ओळी वर्डमध्ये टॅब लावून नव्यानं करा. आता मलाही टॅब जमतो.

खिळेजुळारी

मीही तेच केलं असतं. लाकूड ठेवायचंच असेल तर क्लोन टूलनं फळीच्या रेषेच्या दिशेनं, लहान ब्रशनं, फक्त दोन आकड्यांपुरतं पुसता येईल. ६ पुसायचा आणि १ पुसायचा, एवढंच. पण २ आणायचा कुठून? सावजीच्या भागातला २ क्रीम जमिनीसकट येईल. थाळीत दुसरीकडं कुठं २ आहे का?

कोलारा_रोड

एकच आहे, पण तो तिरका आहे, गोल चिन्हात. आणि बाबांना लाकूड पाहिजेच.

तर्रीपोहे

तिथं तरी स्टिकर लावा आता.