तीनदा तोच प्रसंग

"माझा रिक्षावाला नायक शेवटी 'आता मी गप्प बसणार नाही' म्हणतो, पण वाचणारे म्हणतात बदल पटत नाही. काय करू?"

अरे तो डायलॉग काढच, आणि एकच प्रसंग तीनदा आण, दर वेळी किंमत वाढवून. म्हणजे बघ, रात्री स्वारगेटला अपघात झालाय, जखमीला कोणीतरी न्यायला हवं, हा मान फिरवून निघून जातो, कारण पोलिसांच्या चकरा आणि बुडालेला धंदा त्याने आधी भोगलाय. हे कारण खरं वाटलं पाहिजे हां, नुसता भित्रा दाखवलास तर पुढचं सगळं फुकट. दुसऱ्यांदा तो थांबतो, पण हॉस्पिटलच्या गेटवर उतरवून नाव न सांगता पळतो. बहुतेक जण हा अर्धवट टप्पाच गाळतात, म्हणून शेवट उडी मारल्यासारखा वाटतो. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी गाडीचा हप्ता आहे, सीटला रक्त लागलंय, बघणारं कोणी नाही, आणि तो हॉस्पिटलच्या फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर लिहितो. एक आकडा चुकतो, खोडून परत नीट लिहितो. बास, तिथेच सीन तोड. नायकाचं तोंड बंद ठेवून हे तीन सीन कोणाला तरी वाचायला दे, बदल कळला नाही तर दुसरा सीन कच्चा आहे असं समज.