इतवारीच्या दुकानाचा ३१ मार्च: बोनस धरायचा की नाही?

वैशाली (सध्या नागपुरात):
मंडळी, बाबांच्या दुकानाच्या वह्या बंद करायला बसलेय. सीए गावाला गेलेत. कच्च्या हिशेबात नफा ६,४०,००० येतोय. १ ऑक्टोबरला वर्षभराचा विमा २४,००० भरला, तो सगळा खर्चात टाकलाय. मार्चचं वीजबिल ९,००० एप्रिलमध्ये आलं. नोकरांचा बोनस ४५,००० द्यायचाय. मुनीमजी म्हणतात, दिलं तोच खर्च. घरात दोन दिवस हाच वाद सुरू आहे.

शिरीष:
मुनीमजींचं बरोबर आहे. विमा पूर्ण टाका, टॅक्स वाचेल.

मुकुंदकाका:
शिरीष, सगळ्या वह्या रोखीवर असतील तरच ते चालतं. यांची विक्री उधारीवर लिहिली जाते, मग खर्चाला वेगळा न्याय कायले? वैशाली, विम्याचे सहा महिने पुढच्या वर्षाचे. १२,००० प्रीपेड खात्याला नावे, विमा खर्चाला जमा. नफा ६,५२,०००. वीजबिल देणं दाखव, ६,४३,०००. बोनस धरलास की ५,९८,०००.
हा झाला वहीतला नफा. टॅक्ससाठी बोनसला आयकर कायदा आडवा येतो. रिटर्नच्या मुदतीपर्यंत हातात दिलात तर यंदा वजावट. नाही दिलात तर ते ४५,००० नफ्यात परत जोडायचे, म्हणजे टॅक्स ६,४३,००० वर. ज्या वर्षी द्याल त्या वर्षी वजावट मिळेल.

नीलिमाताई:
म्हणजे गणपतीच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्सही पुढच्या वर्षात जायला हवा होता ना? मी मागेच म्हटलं होतं, कोणी ऐकलं नाही.

शिरीष:
ताई, मंडळाचा हिशेब खजिनदार बघतोय, म्हणजे मी. तो विषय वेगळा.

वैशाली:
काका, वीजखातं उघडलं. त्यात आधीच बारा बिलं आहेत, पहिलं गेल्या वर्षीच्या मार्चचं. यंदाचं मार्च धरलं तर तेरा होतात!

मुकुंदकाका:
हेच बघायचं असतं. गेल्या ताळेबंदात ते बिल देणं म्हणून दिसतंय का? दिसत असेल तर एप्रिलमधलं पेमेंट खर्चातून काढून त्या देण्याला नावे टाक. नाहीतर तोच खर्च दोनदा लागतो.

वैशाली:
नाही दिसत. गेल्या वर्षी कोणी धरलंच नव्हतं.

शिरीष:
मग तेराही लावा. पैसे खरंच गेलेत.

मुकुंदकाका:
गेलेत, पण ते गेल्या वर्षाचे. वहीत "मागील वर्षाचा खर्च" म्हणून वेगळं दाखव. यंदाच्या टॅक्सच्या नफ्यातून ते वजा मागणं मला पटत नाही. तुमचे सीए काय म्हणतात ते कळव. माझा भाचाही सीए आहे, त्याचं मत नेमकं उलट आहे.

वैशाली:
सीए गुरुवारी येतात. बाबा मात्र म्हणतात, बोनस अक्षय्य तृतीयेलाच वाटून टाकू, म्हणजे ती भानगडच नको.